नापास झालेल्या विद्यार्थ्याला रिसबमिशनचं पत्र कसं लिहायचं

शिकवायला नवीन लागलेल्या लोकांचं हमखास असं होतं की असाइनमेंट तपासून होतात, चारपाच जण नापास निघतात, त्यांना मेल लिहायला बसतात आणि अर्ध्या तासाने स्क्रीनवर फक्त "प्रिय" एवढंच असतं. कारण दोन भीती एकाच वेळी असतात, स्पष्ट लिहिलं तर पोरगं खचेल आणि गोड लिहिलं तर त्याला कळणारच नाही की नक्की काय बदलायचंय. मग बहुतेक जण मधलं काहीतरी लिहितात आणि ते दोन्ही बाजूंनी फसतं.

मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं. एका विद्यार्थ्याला लिहिलं की काळजी करू नकोस, प्रयत्न चांगला आहे, विश्लेषण थोडं वाढव म्हणजे होईल. त्याने "थोडं वाढव" हे शब्दशः घेतलं, जुना निबंध तसाच ठेवला, शेवटी दोन परिच्छेद जोडले आणि परत पाठवला. पहिल्यांदा 34 होते, दुसऱ्यांदा 36 आले, पास व्हायला 40 लागत होते. त्याने मी सांगितलं ते केलं होतं, चूक माझ्या पत्रात होती, आणि त्याच्याकडे तिसरी संधी नव्हती. तेव्हापासून मी हे पत्र कसं लिहिते ते इथे सांगते. उदाहरण असाइनमेंटचं, म्हणजे घरी लिहून जमा करायच्या निबंधाचं घेतलंय. हॉलमध्ये बसून द्यायची फेरपरीक्षा असेल तर शब्दमर्यादेच्या जागी वेळ आणि सिलॅबस येतो, बाकी सगळं तेच.

आधी पत्र नाही, मार्कशीट उघडा

लिहायच्या आधी तीन गोष्टी समोर पाहिजेत, विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका, निकषांप्रमाणे मार्क, आणि तुमच्या संस्थेचे रिसबमिशनचे नियम. आठवणीवर लिहू नका, चाळीस निबंध तपासले की कोणी काय लिहिलं होतं ते डोक्यात एकमेकांत मिसळतं आणि एकाची चूक दुसऱ्याच्या पत्रात जाते.

उदाहरण घेऊ. विषय होता, शाळेत मोबाईलबंदी कितपत उपयोगी ठरते याचं मूल्यमापन करा, 1500 शब्द. मार्क असे पडले: विषयाची माहिती 25 पैकी 14, मूल्यमापन आणि युक्तिवाद 40 पैकी 8, संदर्भ 20 पैकी 5, मांडणी आणि भाषा 15 पैकी 7. एकूण 34.

आता इथे थांबून बघा मार्क नक्की गेले कुठे. एकूण 66 गेले, त्यातले 32 एकट्या मूल्यमापनात. भाषेत 8 गेले, पण भाषा कितीही सुधारली तरी तिथून दोनतीनच मिळणार, आणि याला पाहिजेत 6. उलट मूल्यमापन 8 वरून 16 वर आलं, म्हणजे निम्म्यालाही पोचलं नाही तरी, एकूण 42 होतात. म्हणजे पत्राचा मुख्य मुद्दा ठरला. संदर्भ हा दुसरा मुद्दा, छोटा. शुद्धलेखन, समासातल्या बाकीच्या खुणा, शीर्षक बरोबर नाही वगैरे, ते उत्तरपत्रिकेवर आहेच, पत्रात आणू नका. अकरा मुद्दे दिले की विद्यार्थी सगळ्यात सोपे आधी करतो, म्हणजे स्वल्पविराम दुरुस्त करतो आणि फॉन्ट बदलतो, आणि दमतो.

मग शोधा की मूल्यमापन का पडलं. याने विषयाचं वर्णन केलं होतं. कुठे बंदी आहे, नियम काय, फोन कुठे ठेवतात, पालक काय म्हणतात, सगळं व्यवस्थित. पण प्रश्न "वर्णन करा" नव्हता, "मूल्यमापन करा" होता, म्हणजे पुरावा किती भक्कम, कोणाच्या बाबतीत लागू, कुठे कमी पडतो, आणि शेवटी तुझं मत काय. नापास झालेल्या निबंधांमध्ये मला हे कारण सगळ्यात जास्त दिसतं, आणि विद्यार्थ्याला ते आपणहून कळत नाही कारण त्याच्या दृष्टीने त्याने मेहनत केलेली असते आणि विषयावरच लिहिलेलं असतं. "विश्लेषण कमी आहे" असं लिहून त्याला काही समजत नाही, त्याच्याच निबंधातलं वाक्य उचलून दाखवावं लागतं.

दोन वाक्यं शोधा

हे या सगळ्यातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि याला दहा मिनिटं लागतात. त्याच्या निबंधातून एक वाक्य असं शोधा जिथे गडबड झाली, आणि एक असं जिथे त्याने नकळत बरोबर केलं.

गडबडीचं वाक्य हे होतं: "बंदीनंतर मुलांचं वर्गात लक्ष वाढलं." पुढे काहीच नाही, सरळ नवीन परिच्छेद. इथे हात शिवशिवतात की आपणच वाक्य नीट लिहून दाखवावं. नका लिहू. तुम्ही लिहिलेलं वाक्य तसंच्या तसं रिसबमिशनमध्ये येतं आणि मग तुम्ही स्वतःच्याच वाक्याला मार्क देत बसता. त्याऐवजी त्या वाक्याला विचारायचे प्रश्न द्या, हे कोणी मोजलं, कसं मोजलं, सगळ्या वर्गांत दिसलं का. हे प्रश्न तो बाकीच्या परिच्छेदांनाही विचारू शकतो.

आणि बरोबर वाक्य तिसऱ्या पानावर होतं, "पण मधल्या सुट्टीत फोन परत मिळत असेल तर हा फरक टिकतो का हे सांगता येत नाही." हे मूल्यमापन आहे! अख्ख्या निबंधात एकदाच आहे, पण आहे, त्याच्याच हाताने लिहिलेलं. पत्रातलं प्रोत्साहन मी इथून घेते. "तू हुशार आहेस, तुला जमेल" असं लिहिलं तर नुकताच नापास झालेला माणूस त्यावर विश्वास ठेवत नाही, का ठेवेल, समोर 34 दिसतायत. पण "तिसऱ्या पानावर तू हे केलं आहेस, हेच अजून चार ठिकाणी कर" हे त्याला उघडून बघता येतं.

याला संशोधनाचाही आधार आहे. क्लुगर आणि डिनिसी या दोघांनी 1996 मध्ये फीडबॅकवरचे आधीचे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा सरासरी परिणाम चांगला दिसला पण एक तृतीयांशापेक्षा जास्त ठिकाणी फीडबॅकमुळे काम उलट बिघडलेलं निघालं, आणि त्यांनी जे कारण मांडलं ते असं की लक्ष कामावरून निघून माणसाच्या स्वतःबद्दलच्या विचारांकडे वळलं की फीडबॅकचा फायदा कमी होतो. म्हणून कौतुक असो की टीका, ते निबंधाबद्दल ठेवा, विद्यार्थ्याबद्दल नको. "तू निष्काळजीपणा केलास" नको, "तिसऱ्या आणि पाचव्या परिच्छेदात संदर्भ नाही" पाहिजे.

एकच वाक्य निबंधाबाहेरचं मी ठेवते, की मी हे इतकं बारीक का लिहितेय. अपेक्षा उंच आहेत आणि तू तिथे पोचू शकतोस असं मला वाटतं, म्हणून लिहितेय, अशा अर्थाचं. यीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाळकरी मुलांच्या निबंधावर शिक्षकाच्या शेऱ्यांसोबत अशी छोटी चिठ्ठी जोडली, तर निबंध सुधारून परत देणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, विशेषतः ज्या मुलांचा शाळेवर विश्वास कमी होता त्यांच्यात. पण त्या चिठ्ठीसोबत खरे शेरे होते हे विसरू नका, नुसती चिठ्ठी म्हणजे परत तेच गोड बोलणं.

नियम तपासा, अंदाजाने लिहू नका

इथे झालेली चूक विद्यार्थ्याला महागात पडते. बऱ्याच विद्यापीठांत रिसबमिशनच्या मार्कांना कॅप असते, म्हणजे दुसऱ्यांदा कितीही चांगलं लिहिलं तरी रेकॉर्डवर पासापुरतेच मार्क लागतात, पासिंग 40 असेल तर 40. काही ठिकाणी ती कॅप फक्त त्या असाइनमेंटला असते, काही ठिकाणी अख्ख्या विषयाला. हे पत्रात लिहिलं नाही तर विद्यार्थी जीव तोडून लिहितो, 65 च्या तोडीचा निबंध देतो आणि निकालात 40 बघून त्याला वाटतं आपल्याला फसवलं. आधीच सांगितलं तर तो त्याप्रमाणे वेळ वाटून घेतो.

दुसरं, जुना निबंध सुधारून द्यायचा का नवीन विषयावर लिहायचं? तुमच्याकडे जे असेल ते एका वाक्यात लिहा. सुधारून द्यायचा असेल तर हेही लिहा की जुना मजकूर वापरलेला चालेल, कारण प्लॅजरिझम तपासणारं सॉफ्टवेअर त्याच्याच आधीच्या सबमिशनशी मॅच दाखवतं आणि मुलं ते बघून घाबरतात, मग शेवटच्या रात्री चांगली वाक्यंही उगाच बदलत बसतात. अर्थात तुमच्याकडे हे खरंच चालतं ना ते परीक्षा विभागाला विचारून मगच लिहा.

तिसरं, किती संधी उरल्यात आणि तारीख चुकली तर काय. हे वाक्य लिहायला जड जातं पण लिहायचं. धमकीसारखं नाही, माहितीसारखं.

चौथं, आजारपण किंवा घरातली अडचण. पत्रात त्याला कारण विचारू नका, त्याला तुम्हाला सांगायची इच्छा नसेल. फक्त सांगा की असं काही असेल तर अर्ज कुठे आणि कोणत्या तारखेच्या आत करायचा. बऱ्याच ठिकाणी असा अर्ज मंजूर झाला की पुढची सबमिशन पहिलीच धरतात आणि कॅप लागत नाही, म्हणजे त्या एका ओळीने त्याचा निकाल बदलू शकतो.

आणि निकाल अजून बोर्डाने कायम केला नसेल तर "तात्पुरते मार्क" असा शब्द घालायला विसरू नका.

आता लिहा

क्रम मी असा ठेवते, निकाल पहिल्या दोन ओळींत, लगेच पुढची तारीख, मग कारण, मग काय बदलायचं, मग नियम, मग मदत. निकाल खाली दडवू नका. वर तीन ओळी कौतुकाच्या आल्या की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, त्याला कळतं की "पण" येणारे, आणि ते कौतुक तो वाचतच नाही. "नापास" किंवा "पास झालेला नाहीस" हे एकदा स्वच्छ लिहा. "अपेक्षित पातळी गाठता आलेली नाही" असं लिहिलेलं पत्र वाचून एक मुलगी मला विचारायला आली होती, मॅडम म्हणजे मी पास आहे ना?

तू का तुम्ही? वर्गात जसं बोलता तसंच. रोज तू म्हणणारे सर अचानक पत्रात तुम्ही म्हणायला लागले की मुलाला वाटतं काहीतरी फारच गंभीर झालंय. प्रौढ विद्यार्थी असतील तर अर्थात तुम्ही.

मेलच्या सब्जेक्टमध्ये नापास शब्द नको, फोन टेबलावर पडलेला असतो आणि नोटिफिकेशन शेजारचा वाचतो. "असाइनमेंट 2, निकाल आणि पुढची तारीख" एवढं पुरे. आणि एकेकाला स्वतंत्र पाठवा, सगळ्या नापासांना एकाच मेलमध्ये कधीही नाही, बीसीसीमध्येसुद्धा नाही, कारण त्यात त्याच्या निबंधातलं वाक्य येऊच शकत नाही.

वरच्या उदाहरणाचं पूर्ण पत्र असं होतं:

> प्रिय (नाव),
>
> असाइनमेंट 2 मध्ये तुला 100 पैकी 34 मार्क मिळालेत, पासिंग 40 आहे, म्हणजे या वेळी तू पास झालेला नाहीस. हे मार्क बोर्डाची मीटिंग होईपर्यंत तात्पुरते आहेत. तुला निबंध पुन्हा जमा करता येईल, शेवटची वेळ सोमवार 14 जुलै, दुपारी 4.
>
> सगळ्यात जास्त मार्क एकाच ठिकाणी गेलेत. प्रश्नात "मूल्यमापन करा" होतं आणि तुझ्या निबंधात बहुतेक जागी वर्णन आहे. विषयाची माहिती तू नीट गोळा केली आहेस, त्यात 25 पैकी 14 आहेत, ती परत शोधायची गरज नाही.
>
> पान 2 वर तू लिहिलंयस, "बंदीनंतर मुलांचं वर्गात लक्ष वाढलं." या वाक्याला विचार: हे कोणी मोजलं? कसं? सगळ्या वर्गांत दिसलं का? उत्तरं पुढच्या दोनतीन वाक्यांत आली पाहिजेत. आता पान 3 वरचं मधल्या सुट्टीबद्दलचं तुझं वाक्य बघ. तिथे तू पुराव्यावर शंका घेतली आहेस, यालाच मूल्यमापन म्हणतात. हेच मला प्रत्येक मुख्य मुद्द्यानंतर पाहिजे, आणि शेवटी तुझं स्वतःचं मत, कारणासकट.
>
> दुसरी गोष्ट छोटी आहे. परिच्छेद 3 आणि 5 मध्ये आकडे आहेत पण ते कुठून घेतले ते नाही. तिथे संदर्भ दे.
>
> विषय तोच आहे, शब्दमर्यादा 1500 च आहे. जुना मजकूर वापरलेला चालेल, पण मूल्यमापनाला जागा पाहिजे म्हणून वर्णनाचे साधारण 400 शब्द कमी करावे लागतील. ही या असाइनमेंटची शेवटची संधी आहे आणि यात जास्तीत जास्त 40 मार्क लागतात. उशिरा आलेला निबंध तपासला जात नाही. आजारपण किंवा दुसरी अडचण असेल तर 7 जुलैच्या आत परीक्षा विभागात अर्ज कर, अडचण काय आहे ते मला सांगायची गरज नाही.
>
> सोमवार 23 जूनला 2 ते 4 मी माझ्या खोलीत आहे. येताना एका पानावर तुझे मुख्य मुद्दे आणि प्रत्येकापुढे एक शंका लिहून आण, आपण तेवढंच बघू. पूर्ण ड्राफ्ट मला आधी वाचता येणार नाही, नियम सगळ्यांना सारखा आहे.
>
> हे इतकं बारीक लिहिलंय कारण या निबंधाकडून माझी अपेक्षा जास्त आहे, आणि पान 3 वाचून मला वाटतं की तू ती पूर्ण करू शकतोस.

400 शब्द कमी कर हा आकडा मुद्दाम आहे. शब्दमर्यादा तीच असेल तर नवीन लिहायला जागा जुनं काढूनच होते, आणि हे सांगितलं नाही की माझ्या त्या पहिल्या विद्यार्थ्यासारखं सगळं शेवटी चिकटवलं जातं. त्याच्या निबंधात वर्णनाचे नक्की किती शब्द आहेत ते मोजून मगच आकडा द्या.

"नक्की पास होशील" कुठेही लिहू नका, बोलतानाही नको. दुसऱ्यांदाही नापास झाला तर ते वाक्य तो तक्रारीत जोडेल, आणि बरोबरच करेल.

पाठवायच्या आधी आणि नंतर

पाठवायच्या आधी एक तपासणी मी करते, पत्र ओळखीच्या दुसऱ्या शिक्षकाला नाव आणि मार्क झाकून देते आणि विचारते, या मुलाने काय बदलायचंय आणि कधीपर्यंत. त्याला दोन वाक्यांत सांगता आलं नाही तर पत्र परत लिहायचं. कोणी नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच वाचा, रात्री लिहिलेलं पत्र सकाळी जरा जास्तच कडक वाटतं. तारीख, वार, वेळ कॅलेंडरशी ताडून बघा, वार आणि तारीख जुळत नसेल तर विद्यार्थी हमखास नंतरचा दिवस धरतो.

शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नका. त्याला विचारायचं असतं आणि सोमवारपर्यंत कोणी भेटत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी, आणि त्या दिवशी तुम्ही उपलब्ध असाल असं बघा.

मग काही जण लगेच उत्तर देतात, काही अजिबात नाही. उत्तर न देणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते, त्यातल्या काहींनी मेल उघडलेलाच नसतो. चार दिवसांनी मी दोन ओळींचा मेल टाकते, त्यात निकालाबद्दल परत काही नसतं, फक्त एवढंच, "23 तारखेला येतोयस ना? एक पान लिहून झालं नसेल तरी ये, इथे बसून लिहू." आलेल्यांपैकी बरेच जण कोरा कागदच घेऊन येतात. मग मी पान 3 उघडते, त्याचं वाक्य त्यालाच मोठ्याने वाचायला लावते, आणि आम्ही पहिल्या मुद्द्यापुढची शंका तिथेच लिहितो.